पन्नास अधिक वीस म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्रापेक्षा त्यात घातलेली पत्रकंच जड होतात. '५० टक्के + २० टक्के सूट', 'एकावर एक मोफत'. आज ही पत्रकं आणि हातात पडणारं बिल, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

त्यासाठी आमच्या शेजारच्या काकूंचा किस्सा सांगतो. काकू पोस्टात काउंटरवर नोकरी करून निवृत्त झाल्या. आकड्यांशी त्यांचं जुनं सख्य. गेल्या दिवाळीत नातवाला शर्ट घ्यायला त्या लक्ष्मी रोडला निघाल्या, पिशवी धरायला मी बरोबर. दुकानात गाणी इतक्या जोरात की स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येऊ नये. माझं तर म्हणणं आहे की तो आवाज मुद्दामच ठेवतात. असो. शर्टाच्या चिठ्ठीवर छापील किंमत २००० रुपये, खाली बारीक अक्षरात 'सर्व करांसहित'. विकणारा पोरगा म्हणाला, "घ्या काकू, सत्तर टक्के सूट आहे."

काकू काही बोलल्या नाहीत. पत्रकाची घडी पर्समध्ये टाकली आणि काउंटरवर गेल्या. बिल आलं ८४० रुपयांचं.

"सत्तर टक्के म्हणालास ना? मग सहाशे झाले."

पोरगा गडबडला. "तसं नाही काकू. आधी पन्नास टक्के, मग जे उरलं त्यावर वीस."

"म्हणजे दोन हजाराचे हजार, हजारातले दोनशे गेले, राहिले आठशे. साठ टक्केच झाली की सूट! बरं, आठशे तर आठशे. हे वरचे चाळीस कसले?"

"जीएसटी, काकू. पाच टक्के."

काकूंनी शर्टाची चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे धरली. "हे वाच. मोठ्यानं वाच." त्यानं वाचलं, 'सर्व करांसहित'. "दोन हजारांत कर धरलेला आहे, तर आठशेतही धरलेलाच असणार. तो दुसऱ्यांदा कसा लावतोस?" मागची रांग आता रांग राहिली नव्हती, काकूंभोवती कोंडाळं झालं होतं. मॅनेजर आले, म्हणाले सिस्टिमच तसं घेते. काकू म्हणाल्या, "मग तसं लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी." पाच मिनिटांत सिस्टिम सुधारली! नवं बिल आलं: शर्ट ७६१ रुपये ९० पैसे, जीएसटी ३८ रुपये १० पैसे, एकूण बरोबर ८००. वर दहा रुपयांची कागदी पिशवी द्यायला निघाले होते, पण काकूंची कापडी पिशवी माझ्या खांद्यावर होतीच.

काकूंचं म्हणणं कायद्यालाही धरून आहे. छापील किंमत करांसहित असेल, तर सूट दिल्यावर वेगळा कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा प्रश्न व्हॅटचा होता, तत्त्व तेच.

तर पुन्हा सांगतो. पन्नास अधिक वीस म्हणजे साठ, सत्तर नव्हे. दुसरी सूट उरलेल्या रकमेवर असते, मूळ किमतीवर नाही.

आता 'एकावर एक मोफत'. मोफत मिळतं ते दोघांतलं स्वस्त. समजा, एक कुर्ता १५०० चा, दुसरा ९०० चा. तुम्ही दिले १५००, माल २४०० चा. वाचले नऊशे, म्हणजे साडेसदतीस टक्के. अर्धी किंमत नाही बरं का. शेजारच्या दुकानात तेच कुर्ते सरसकट चाळीस टक्के सुटीत असतील, तर १४४० ला मिळतील, आणि एकच हवा असेल तर एकच घेता येईल. दोन सारख्याच किमतीचे असतील तरच खरी पन्नास टक्के सूट होते.

बिलात हे दोन तऱ्हांनी दिसतं. कुठे स्वस्त कुर्त्यापुढे शून्य लिहितात, कुठे सूट दोन्हींवर वाटतात: १५०० चा ९३७ रुपये ५० पैशांना, ९०० चा ५६२ रुपये ५० पैशांना. बेरीज दोन्हीकडे १५००. फरक कळतो माल परत करताना. शून्यवाला कुर्ता परत केलात, तर हातात शून्यच येण्याची शक्यता. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, एकच परत केला तर किती मिळतील?

आणि ती गुळगुळीत कागदाची बिलं! हळूहळू अक्षरं उडतात, नुसता कोरा कागद उरतो. काउंटरवरच मोबाइलमध्ये बिलाचा फोटो काढा, पत्रकाचा आणि किमतीच्या चिठ्ठीचाही. दुकानदारानं दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. पुन्हा सांगतो, एक-नऊ-एक-पाच. तक्रार नोंदवताना हे तिन्ही फोटो हाताशी ठेवा. नमस्कार.