पित्त म्हणून आलेले काका

[दृश्य: तालुक्याचं रुग्णालय, रात्र. बाकावर काका, शेजारी मुलगा]

घरी मटणाचा बेत होता. जेवून तास झाला नाही तोच काकांच्या छातीखाली, बरगड्या मिळतात त्या खड्ड्यात, काहीतरी दाटून आलं. पित्त झालं असणार, असं घरातल्यांनी ठरवूनच टाकलं. सोडा दिला, ढेकर आला, बरंही वाटलं. अर्ध्या तासात पुन्हा तेच, वर मळमळ.

[दृश्य: काकांचा हात, जवळून]

डॉक्टर विचारतात, "काका, कुठे दुखतंय ते हातानं दाखवा." हात नीट बघा. आधी तळवा सगळ्या छातीवर फिरतो, मग मूठ वळते आणि मधोमध टेकते. पित्ताचा रुग्ण बहुधा बोटं पोटापासून गळ्याकडे नेतो, कारण जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येत असतं. वाकलं किंवा आडवं झालं की जळजळ वाढते, तोंडात आंबट पाणी येतं. काकांना आग होत नाही, त्यांना "आवळल्यासारखं" वाटतंय. हातानं निदान होत नाही, पण पुढे काय विचारायचं ते कळतं.

[दृश्य: भिंतीवरचं छातीचं चित्र, डॉक्टरांचं बोट]

घोटाळा होतो तो शरीराच्या रचनेमुळे. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्या पडद्याच्या खालीच जठर. हृदय आणि अन्ननलिका या दोघांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात, त्यामुळे कळ कुठून आली हे मेंदूला नेमकं सांगता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला, तर रुग्ण पोटाच्या वर दुखतंय म्हणतो, ओकतो आणि पित्ताची गोळी मागतो.

आणि सोड्यानं बरं वाटलं त्याचं काय? त्यावरून काहीच ठरत नाही. हृदयविकाराची कळही मध्येच ओसरते, आणि तेवढ्यात घेतलेल्या औषधाला श्रेय मिळतं. उलटही खरं: हृदयाच्या कळेसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीनं अन्ननलिकेचा पेटकाही सुटतो, त्यामुळे गोळी लागू पडली म्हणून दुखणं हृदयाचंच, असंही नाही.

[दृश्य: मुलगा बोलतोय]

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न चालण्याबद्दल. मुलगा सांगतो, "दोन आठवडे झाले, शेताचा चढ चढताना बाबा मध्येच थांबतात. जळजळतंय म्हणतात, पाच मिनिटं उभे राहिले की जातं." चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं तपासणी होईपर्यंत हृदयाचंच धरायचं, मग त्याला कुणी जळजळ म्हणो. जेवणानंतर चालताना तर ते लवकर येतं, कारण पचनासाठीही हृदयाला जास्त काम करावं लागतं. म्हणून "जेवल्यावर होतं, म्हणजे पित्तच" हे घरगुती गणित चुकतं. डावा हात, जबडा किंवा पाठीत जाणारी कळ आणि दरदरून घामही हृदयाकडेच बोट दाखवतात. काकांची कॉलर ओली आहे, आणि पंखा सुरू आहे.

[दृश्य: जेली, छातीवर रबरी फुगे, यंत्रातून सरकणारी पट्टी]

सिस्टर छातीवर जेली लावतात, सहा फुगे चिकटवतात, हातापायांना चिमटे. दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत पहिला ईसीजी, असा नियम आहे आणि तो इथे पाळला गेला. पट्टी जवळजवळ नॉर्मल आली! इथेच बरेच रुग्ण गोळी घेऊन घरी जातात. या डॉक्टरांनी काकांना खाटेवरून हलू दिलं नाही. दुखणं सुरूच होतं, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी काढली. ही बघा दुसरी: हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन ठिकाणी रेघ पायथ्यापासून वर उचललेली. खालच्या भिंतीचा झटका.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन हे प्रथिनही तपासतात, पण ते वाढायला काही तास लागतात. दुखायला लागल्यावर लगेच काढलेलं नमुन्याचं रक्त ठीक आलं, तरी ते पुन्हा तपासावं लागतं.

[दृश्य: १०८ रुग्णवाहिका निघते]

ॲस्पिरिन चावायला दिली, १०८ नं जिल्ह्याला नेलं, तिथे हृदयाची बंद पडलेली उजवी धमनी नळीतून आत नेलेल्या फुग्यानं उघडली.

[दृश्य: बाह्यरुग्ण विभागाची रांग, साडीतल्या बायका]

काकांनी निदान छाती तरी धरली. मधुमेही, वयस्क आणि बायका यांच्यात झटका नुसती धाप, थकवा किंवा मळमळ होऊनही येतो, तिथे हात बघून काही कळत नाही. रांगेतल्या आजी म्हणतात, "मला तर पित्ताचा जुनाच त्रास." असेलही, पण जुनं पित्त असणाऱ्याला झटका येत नाही असं थोडंच आहे? आजींना विचारायला हवं ते एवढंच: आजचं दुखणं नेहमीसारखंच आहे का? नाही म्हणाल्या, तर आधी पट्टी काढायची आणि पित्ताची गोळी मागाहून द्यायची.