तिजोरीतलं सोनं नक्की कोणाचं?

[दृश्य: तिजोरीतली एक वीट, अगदी जवळून]

लंडनच्या बाजारात चालणारी ही सोन्याची वीट. वजन साडेबारा किलोच्या आसपास. अंगावर गाळणाऱ्या कारखान्याचा शिक्का, शुद्धता आणि तिचा स्वतःचा क्रमांक.

बँकेच्या अलोकेटेड, म्हणजे नेमून दिलेल्या सोन्याच्या खात्यात हाच क्रमांक तुमच्या नावापुढे चढतो. वीट तुमची, बँक नुसती राखणदार आणि राखणीचं भाडं घेते. बँक बुडाली तरी तिच्याकडून येणं असलेल्या देणेकऱ्यांना ही वीट वाटून घेता येत नाही.

अनअलोकेटेड खात्यात क्रमांकच नसतो. ‘बँक तुम्हाला इतके औंस देणं लागते’, एवढीच नोंद. म्हणजे शब्द सोन्याचा, पण व्यवहार उधारीचा. भाडं सहसा लागत नाही, आणि ते का लागत नाही हे फारसं कुणी विचारत नाही.

[दृश्य: न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर]

ही उधारी अंगाशी कशी येते, ते १९८८ साली इथे दिसलं. गोल्डकॉर्प ही कंपनी लोकांना सोनं विकायची आणि ‘आमच्याकडेच ठेवा’ म्हणायची. ग्राहकाला प्रमाणपत्र मिळे: सात दिवस आधी कळवा आणि सोनं घेऊन जा. आपलं सोनं आत ठेवलंय, अशी हजारावर माणसांची समजूत होती. पण कुणाच्याही नावाने काही बाजूला काढलेलं नव्हतं. तिजोरीत होतं तेही सगळ्यांना पुरणारं नव्हतं.

कंपनी बुडाली तेव्हा बँक ऑफ न्यूझीलंड पुढे आली. तिने दिलेल्या कर्जाला कंपनीची मालमत्ता तारण होती, आणि ते कर्ज फेडतानाच सगळं संपणार होतं.

खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला; न्यूझीलंडचं शेवटचं अपील तेव्हा तिथे चाले. निकाल १९९४ चा. पैसे पूर्ण भरले असले, तरी नेमकं कोणतं सोनं विकलं हे ठरल्याशिवाय मालकी बदलत नाही. ग्राहक रांगेत उभे राहिले साध्या देणेकऱ्यांच्या, तारणवाल्या बँकेच्या मागे. निकाल कठोर वाटतो, पण दुसरं काय म्हणणार? ‘माझं’ म्हणून बोट ठेवायला एकही वीट नव्हती.

एक गट मात्र तरला, तोही अर्धवट. हे लोक मुळात वॉकर अँड हॉल या दुसऱ्या कंपनीचे ग्राहक. तिथे प्रत्येकाची वीट वेगळी नव्हती, पण सगळ्या ग्राहकांचा साठा कंपनीच्या मालापासून वेगळा ठेवलेला होता. तेवढ्यावर ते त्या साठ्याचे सामाईक मालक ठरले.

[दृश्य: तराजू, काटा खाली जाताना]

१९८६ मध्ये गोल्डकॉर्पने तो व्यवसाय घेतला आणि पुढे तो साठा आपल्या मालात मिसळून वापरला. त्यामुळे मिसळल्यापासून कंपनी बुडेपर्यंत साठा ज्या दिवशी सर्वात कमी होता, त्या दिवशीच्या साठ्यापुरताच न्यायालयाने त्यांचा हक्क मानला. त्यानंतर तिजोरीत जी भर पडली, त्यात त्यांचा वाटा धरला नाही.