चवथीच्या मेळाव्यात स्वागताचे चार शब्द

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते परदेशातल्या मराठी कुटुंबांच्या गणेश चवथीच्या मेळाव्याबद्दल, आणि त्यातही पहिल्या तीन मिनिटांबद्दल, म्हणजे स्वागताबद्दल. गोव्यातून लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना तिथली मंडळी हमखास म्हणतात, "काका, स्वागताचे चार शब्द तुम्हीच बोला." काका हो म्हणतात, आणि मग रात्री कागद घेऊन बसतात. हे बोलणं त्या काकांसाठी आहे, आणि काकींसाठीही, कारण काकींना कोणी विचारत नाही आणि विचारायला हवं.

समोर कोण बसलेलं असतं ते आधी बघू. पहिल्या रांगेत आजी-आजोबा. त्यांच्यापुढे जमिनीवर, तिथेच जन्मलेली मुलं. मागे उभे आई-बाबा, त्यांतल्या एखाद्या घरातली सून किंवा जावई मराठी नसलेला. आजी-आजोबांना नीट ऐकू यायला हवं, मुलांना काहीतरी करायला हवं, आणि मागे उभ्या असलेल्यांना जेवण कधी ते कळायला हवं. एवढं सगळं साधायचं तर स्वागत तीन मिनिटांचं असावं आणि त्यात मुलांना एक काम द्यावं. तीन मिनिटं आणि एक काम, एवढं लक्षात ठेवा.

आता ही हकिगत ऐका. पेडण्याकडचे एक निवृत्त मास्तर, मराठी प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेलं, लेकीकडे इंग्लंडला गेले होते. २०२५ ची चवथ. तिथल्या मराठी मंडळींनी शाळेची व्यायामशाळा भाड्याने घेतली होती आणि स्वागत मास्तरांवर सोपवलं होतं. मास्तरांनी चार पानं लिहिली. सुरुवातीला श्लोक, मग अकरा मान्यवरांची नावं, मग सार्वजनिक उत्सवाचा इतिहास, आणि शेवटी नवी पिढी मराठी विसरत चालल्याची खंत.

लेकीने ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून घेतलं, घड्याळ लावून. अकरा मिनिटं झाली. नऊ वर्षांची नात टेबलाशी बसून ऐकत होती. तिसऱ्या मिनिटाला ती उठून गेली. पण इतिहास संपता संपता मास्तरांनी गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-भाज्यांच्या माटोळीचा उल्लेख केला, तेव्हा ती दारातून परत आत आली आणि इंग्रजीत विचारू लागली, की तीच ना, बाबा गॅरेजमध्ये बांधतोय ती?

मास्तर जुने शिक्षक. त्यांच्या लगेच लक्षात आलं की पोरीला मराठी नीट कळतं, ती फक्त उत्तर इंग्रजीत देते. तिथे वाढलेल्या पुष्कळ मुलांचं असंच असतं. अशा मुलांसमोर "तुम्ही भाषा विसरलात" असं म्हटलं की त्यांना तेही कळतं, आणि ती उठून जातात. खंतीचं पान मास्तरांनी बाजूला काढलं. मान्यवरांची नावंही काढली. परदेशातल्या छोट्या मेळाव्यात नावांची यादी वाचूच नये, असं माझं ठाम मत आहे. अकरा नावं वाचली की बारावा माणूस दुखावतो, आणि तोच बहुधा सकाळपासून खुर्च्या लावत असतो.

मग मास्तर गॅरेजमध्ये गेले. जावई माटोळी बांधत होता. व्यायामशाळेच्या छताला काही टांगायची परवानगी नव्हती, म्हणून कपडे अडकवायच्या दोन उंच स्टँडवर बागेतली लाकडी जाळी आडवी ठेवली होती. तिला नारळ, दोडकी, कारली, काकड्या, मक्याची कणसं, केळी आणि एक अननस. नारळ दोन्ही टोकांना, म्हणजे वजन सारखं राहतं आणि जाळी मध्ये लवत नाही. भोपळा खाली पाटावर, कारण त्याच्या भाराने स्टँड कलंडला असता. आपल्या रानातली कांगलां, माट्टुळी, घागऱ्या तिथे कुठून मिळणार? पण जावयाने त्यांच्या जागी प्लास्टिकची फळं लावली नाहीत, हे फार चांगलं केलं. माटोळीतली वस्तू हाताला लागली पाहिजे, तिचा वास आला पाहिजे. चार खरी दोडकी टांगा, पण प्लास्टिक नको.

त्या माटोळीखाली बसून मास्तरांनी नवीन स्वागत लिहिलं. ते असं होतं.

"नमस्कार. सगळ्या आजी-आजोबांना, आई-बाबांना आणि मुलांना चवथीच्या शुभेच्छा. घरोघरची चवथ बुधवारी झाली. दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले. आज इथे प्राणप्रतिष्ठा नाही. आज आरती आहे आणि एकत्र जेवण आहे.

"मुलांनो, वर बघा. ही माटोळी. मोजा बघू, नारळ किती आहेत?

"आता प्रत्येकाने माटोळीतली एक वस्तू निवडायची. जवळ जे कोणी आजी किंवा आजोबा बसलेत, त्यांना विचारायचं, तुमच्या घरी याचं काय करायचे? आरती झाली की मला येऊन सांगायचं.

"आजी-आजोबांनो, मुलं इंग्रजीत विचारतील. तुम्ही मराठीत सांगा. त्यांना कळतं.

"आरतीला विजेचे दिवे आहेत. कापूर आणि उदबत्ती कोणी पेटवू नये. धुराने इथला भोंगा वाजतो आणि सगळ्यांना बाहेर जावं लागतं. नेवऱ्यांत काजू आणि तीळ आहेत. जेवण साडेबाराला. या, सुरुवात करू."

एवढंच. मोठ्या हॉलमध्ये सावकाश बोलायचं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. हे शंभराच्या आसपास आहे, म्हणजे नारळ मोजायला थांबूनही दोन मिनिटांत संपतं.

यातलं एक एक वाक्य बघा. पहिल्या कच्च्या कागदावर "आपापल्या आजी-आजोबांकडे जा" असं होतं. आदल्या रात्री लेकीने पेन्सिलने त्यावर रेघ मारली. तिने बोटांवर मोजून दाखवलं, अर्ध्याहून जास्त मुलांचे आजी-आजोबा इकडे गोव्यात, कोणाचे रत्नागिरीला, कोणाचे हयातच नाहीत. "आपापल्या" म्हटलं असतं तर ती मुलं तिथेच बसून राहिली असती. "जवळ जे कोणी" म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

प्राणप्रतिष्ठेचं वाक्यही असंच विचार करून घातलेलं. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला, बुधवारी होती आणि मेळावा शनिवारी. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे पुन्हा शनिवारपर्यंत थांबणं आलं. आजींच्या मनात पहिली शंका हीच असते, की गणपती पोचवल्यावर ही कसली पूजा? दोन वाक्यांत उत्तर दिलं की त्या निवांत आरतीला उभ्या राहतात. नाही दिलं तर आरती संपेपर्यंत शेजारणीशी हीच कुजबुज चालते.

आणि कापूर. अशा हॉलमध्ये उघड्या ज्योतीला बहुतेक परवानगी नसते, छतात धूर ओळखणारं यंत्र असतं. पण आरतीचं ताट दिसलं की आजींचा हात पिशवीतल्या कापराकडे जातो, ती जन्माची सवय आहे. म्हणून ही सूचना भिंतीवर चिकटवून भागत नाही, स्वागतातच सांगावी लागते, आणि कारणासकट सांगावी लागते. मास्तरांनी कारण सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी डबी परत पिशवीत ठेवली.

शनिवारी प्रत्यक्षात काय झालं? नारळ मोजायला सांगितल्यावर मुलं उठून उभी राहिली आणि दोन वेगवेगळे आकडे ओरडली. मग एक मुलगा, ज्याचे कोणीच आजी-आजोबा तिथे नव्हते, त्या कापराच्या आजींसमोर कारलं हातात धरून उभा राहिला. आजींनी त्याला कारल्याच्या चकत्या मीठ लावून पिळायच्या कशा ते हाताने करून दाखवलं. त्याने इंग्रजीत विचारलं, पिळायचं कशाला? आजी मराठीत म्हणाल्या, "कडूपणा निघतो रे." आरतीनंतर तो मास्तरांकडे आला आणि नुसत्या हातांनी पिळून दाखवलं. मास्तरांनी माइक त्याच्या तोंडापुढे धरला नाही, हेही महत्त्वाचं. मुलांची चारचौघांत मराठीची परीक्षा घेऊ नये. परीक्षा घेतली की पुढच्या वर्षी मूल येत नाही.

हकिगत लांबली, पण तिच्यातून बरंचसं सांगून झालं. आता राहिलं ते थोडक्यात.

प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि मग इंग्रजीत असं करू नका. वेळ दुप्पट लागतो, आणि पुढे इंग्रजी येणारच हे कळलं की मुलं मराठी ऐकायचं सोडून देतात. "वर बघा", "मोजा" ही वाक्यं हातवाऱ्याने पोचतात. इंग्रजीत फक्त दोन गोष्टी सांगा, आग आणि खाणं. ज्योत पेटवायची नाही, आणि नेवऱ्यांत काजू-तीळ आहेत. तिकडे काजू-तिळाची अॅलर्जी असलेली मुलं असतात, आणि मराठी न कळणाऱ्या सुनेला किंवा जावयाला हे कळलंच पाहिजे. ही दोन वाक्यं दुसऱ्या कोणीतरी बोलावीत, म्हणजे आवाज बदलला की कान टवकारतात.

माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरा. "मला माइक लागत नाही" असं कोणी म्हणू नये, शाळामास्तरांनी तर नाहीच. व्यायामशाळेत आवाज घुमतो, आणि वय झालेल्या कानाला आधी व्यंजनं ऐकू येईनाशी होतात, त्यामुळे ओरडून काही उपयोग नसतो. सावकाश बोलण्याने होतो. शिवाय इंग्लंडमधल्या पुष्कळ सभागृहांत श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी तारेची सोय असते. ती चालते माइकवरून. माइक बाजूला ठेवला की त्या आजोबांच्या यंत्रात काहीच येत नाही. खिडकीला पाठ करून उभं राहू नका, तोंडावर उजेड हवा, कारण कमी ऐकू येणारा माणूस ओठ बघत असतो.

पुन्हा सांगतो, तीन मिनिटं आणि एक काम. कागद मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला लिहिलेला. स्वागत संपलं की माइक लगेच आरती म्हणणाऱ्याच्या हातात द्या, आणि आरती तोंडानेच म्हणा, रेकॉर्ड लावू नका, एक टाळ असला तरी पुरतो. हॉल देणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार जेवण झाल्यावर माना, तेव्हा ते सगळे खोलीत असतात. नमस्कार.