पहिला कागद कोणता?

बसा, मागच्या बाकावरच्यांनीही पुढं या. विषय आहे कॉमर्सच्या पदवीनंतर बँकेत किंवा गुंतवणुकीच्या कामात जायचं असेल तर पहिलं प्रमाणपत्र कोणतं घ्यावं. त्यावर येतोच. पण आधी माझ्या आत्याच्या हळदीची गोष्ट सांगतो, कारण माझं उत्तर त्या गोष्टीतूनच आलेलं आहे.

आत्या मिरजेजवळ राहते. 2019 साली हळदीला बरा दर लागला, खर्च जाऊन दोन लाख हातात राहिले. ती ते एफडी करायला शाखेत गेली. काउंटरवरच्या तरुणानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "आत्या, एफडीसारखंच आहे, पण व्याज जास्त." तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या. घरी आल्यावर कागद देवघरातल्या ट्रंकेत ठेवला. वर्षानं मोबाईलवर संदेश आला, दोन लाखांचा दुसरा हप्ता भरा. तेव्हा ती माझ्याकडं आली. मी कागद उघडला तर विम्याची पॉलिसी. पाच वर्षं हप्ते भरायचे होते.

आता यात काय काय हुकलं ते बघा. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला मुदत असते. तेव्हा ती साधारण 15 दिवसांची होती, आता 30 दिवस आहे. आत्याला ते कुणी सांगितलं नाही. आणि त्या प्रकारच्या पॉलिसीत एकच हप्ता भरून थांबलं, तर त्या वेळी काहीच परत मिळत नव्हतं. शेवटी तिनं सोसायटीचं कर्ज काढून दुसरा हप्ता भरला. हळद पिकवणाऱ्या बाईनं बचत टिकवायला कर्ज काढलं! मला आजही ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

मी त्या मुलाला भेटलो. भांडायलाच गेलो होतो. तेवीस वर्षांचा, तुमच्यासारखाच बी.कॉम. झालेला. म्हणाला, "काका, मला टार्गेट होतं. आत नेमकं काय आहे ते मलाच कळलं नव्हतं." फॉर्मवर विकणाऱ्याचा कोड होता, तो बघितला. तो त्याचा नव्हताच. विमा विकायला लागणारं प्रशिक्षण आणि परीक्षा त्याची झाली नव्हती, म्हणून फॉर्म सहकाऱ्याच्या कोडवर भरला होता. सहकाऱ्याची बदली झालेली. म्हणजे विकलं एकानं, नाव दुसऱ्याचं, आणि जबाबदार कुणीच नाही. त्या मुलाकडं एका क्लासचा पंचेचाळीस हजारांचा बँकिंग डिप्लोमा मात्र होता, छान लॅमिनेट केलेला.

आपल्या गावात 1916 साली सांगली बँक सुरू झाली, 2007 मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारा, काउंटरवरच्या माणसाला घरच्या नावानं ओळखायचे. तो चुकला तर संध्याकाळी बाजारात भेटायचा. आता माणूस तीन वर्षांत बदलून जातो. म्हणून त्याचं नाव कागदावर राहायला हवं.

तर माझा मुद्दा हा. पहिलं प्रमाणपत्र असं घ्या की ज्याशिवाय एखादं काम करायला कायद्यानंच मनाई आहे आणि ज्यामुळं फॉर्मवर तुमचा स्वतःचा नंबर येतो. कोणताही क्लास फी सांगेल तेव्हा एकच विचारा, "हा कागद नसेल तर मला कोणतं काम करता येणार नाही?" उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

वेळ संपत आली अशी खूण झाली आहे, म्हणून आता भराभर सांगतो.

पुष्कळ जण जेएआयआयबी करू म्हणतात. ती परीक्षा उत्तम आहे, पण ती बँकेत नोकरीला असलेल्यांसाठी आहे. नोकरी आधी, जेएआयआयबी नंतर.

आज, नोकरीशिवाय, तुम्हाला देता येणारी परीक्षा म्हणजे एनआयएसएमची, म्हणजे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या शिक्षणसंस्थेची, सिरीज फाइव्ह-ए. ती म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकांची परीक्षा. फी 1,500 रुपये, शंभर प्रश्न, दोन तास, पन्नास गुणांना पास, चुकीला गुण कापत नाहीत. अभ्यासाची पुस्तिका एनआयएसएमच्या संकेतस्थळावर आहे. बँकेकडं वितरक म्हणून एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. तुम्ही नोकरीला लागलात की त्याखाली तुमचा स्वतःचा नंबर, म्हणजे ईयूआयएन निघतो, ई आणि पुढं सहा आकडे. तुम्ही सल्ला देऊन विकलेल्या फंडाच्या अर्जावर तो लिहायचा. बदली झाली, बँक सोडली, तरी तो अर्ज तुमच्या नावावर राहतो. आत्याच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

या परीक्षेत मुलं पाठांतर करतात आणि व्यवहाराच्या प्रश्नात अडकतात. एक सोडवून दाखवतो. सोमवारी दुपारी अडीच वाजता गिऱ्हाइकानं इक्विटी फंडाचा अर्ज दिला, पण पैसे फंडाच्या खात्यात मंगळवारी सकाळी पोचले. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, कोणत्या दिवसाचा? त्या दिवसाच्या भावासाठी वेळ दुपारी तीनपर्यंत असते, आणि तीनच्या आत अर्ज दिला म्हणून मुलं सोमवार लिहितात. उत्तर मंगळवार. खरेदीत अर्ज आणि पैसे दोन्ही वेळेत पोचावे लागतात. काउंटरवर रोज हाच वाद होतो.

आता या कागदाची मर्यादा. तो वितरकाचा आहे, सल्लागाराचा नाही. कमिशन फंड कंपनी देते, म्हणून पाटीवर 'सल्लागार' लिहायचं नाही. गिऱ्हाइकाकडून फी घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते, आणि त्यासाठी एनआयएसएमच्याच टेन-ए आणि टेन-बी या दोन परीक्षा. टेन-एला साठ टक्के लागतात आणि चुकीला पंचवीस टक्के गुण कापतात. 2024 च्या डिसेंबरमध्ये सेबीनं नियम सैल केले, कॉमर्सच्या पदवीवर नोंदणी करता येते, अनुभवाची अट काढली. तरी मी म्हणेन, टेन-ए दुसरी द्या. वर्षभर लोकांचे फॉर्म भरल्यावर त्यातली उदाहरणं आपोआप समजतात.

आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. दुसऱ्या वर्षाला असताना पास होऊन बसाल तर नोकरीत रुळेपर्यंत त्याची मुदत संपायला आलेली असेल. शेवटच्या सत्रात द्या.

एक प्रश्न आलाय, नोकरी न करता स्वतःच एआरएन काढून बसू का? पाटीवर आकडा मांडू. पन्नास घरांची दोन-दोन हजारांची एसआयपी, म्हणजे महिन्याला एक लाख. वाढ सोडून देऊ. पहिल्या वर्षात सरासरी साडेसहा लाख जमलेले असतात. कमिशन वर्षाला 0.8 टक्के धरलं तर 5,200 रुपये. बाराने भागा, महिन्याला 433. पन्नास घरं मिळवायलाच पेट्रोलला याहून जास्त जातील. दुसऱ्या वर्षी सरासरी साडेअठरा लाख होतात, तेव्हा वर्षाचे 14,800. म्हणून आधी बँकेच्या पगारावर राहा, ईयूआयएन मिळवा, दोन-तीन वर्षं काढा. एआरएन त्यानंतरही काढता येतो.