घट कुठल्या ओळीवर बसते? रसवंतीच्या मशीनचा खर्च खालून वर चढवताना

(कोल्हापुरात छोट्या उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उद्यमनगरपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत बहुतेक छोट्या कारखान्यांत मशीनचा खर्च काढायची पद्धत एकच दिसते. सगळ्या भागांची यादी करायची, दर लावायचे, बेरीज करायची आणि शेवटी ‘घटीपोटी’ पाच टक्के चढवायचे. हे पाच टक्के नेमके कशावर बसतात, एवढाच आजचा विषय आहे. उदाहरणाला तीन रोलरचं रसवंतीचं मशीन घेऊ. दर मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमच्या खरेदी बिलातले दर तिथे घाला. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर दर जीएसटी वगळूनच घ्या.

आधी मशीनची उतरंड बघू. सगळ्यात वर मशीन. त्याखाली रोलर असेंब्ली, एका मशीनला 3. एका रोलर असेंब्लीत रोलर 1, शाफ्ट 1, चावी 1 आणि बुश-ब्लॉक 2. प्रत्येक ब्लॉकला एम-12 बोल्ट 2. रोलरच्या खाली कास्टिंग, शाफ्टच्या खाली बार.

इथे पहिला नियम असा, की प्रत्येक ओळीवरची संख्या तिच्या लगेच वरच्या एका नगापुरती असते. ब्लॉकच्या यादीत बोल्ट 2 च लिहायचे. वर चढताना 2 गुणिले 2 ब्लॉक गुणिले 3 असेंब्ली, असे 12 बोल्ट आपोआप होतात. स्टोअरमधला माणूस मात्र मशीनला 12 बोल्ट देत आलेला असतो, म्हणून तो ब्लॉकच्या ओळीवर 12 लिहून देतो. मग हिशेबात 72 बोल्ट येतात. नऊ रुपयांचा बोल्ट धरला तरी 60 जादा बोल्टांचे 540 रुपये मशीनवर चढले, आणि आकडा एवढा बेताचा असतो की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. यावर उपाय एकच. उतरंड सपाट करून प्रत्येक सुट्या भागाची मशीनमागची एकूण संख्या काढा आणि तयार मशीनजवळ उभं राहून प्रत्यक्ष मोजा.

आता घट. शाफ्टपासून सुरुवात करू, कारण तिथे टक्केवारीचा अंदाज लागतच नाही, ती मोजूनच निघते. शाफ्ट 40 मिमी व्यासाचा, तयार लांबी 520 मिमी. दोन्ही तोंडं फेस करायला मिळून 4 मिमी आणि बँडसॉच्या पट्ट्याची जाडी 3 मिमी, म्हणजे एका नगाला 527 मिमी बार लागतो. सहा मीटरच्या बारमधून 11 नग निघतात आणि 203 मिमीचा तुकडा उरतो. तो तुकडा दुसऱ्या कुठल्या भागाला वापरत नसाल, तर त्याचा खर्च या 11 शाफ्टांनीच उचलायचा. गोल बारचं मीटरमागे वजन व्यासाचा वर्ग भागिले 162 या सूत्रानं 9.88 किलो, पूर्ण बार 59.26 किलो. किलोला 75 रुपये दरानं बार 4,444 रुपयांचा, भागिले 11, म्हणजे नगाला 404 रुपये. नुसत्या 520 मिमीचं वजन धरून काढलं असतं तर 385 आले असते. नगामागे 19 रुपयांचा फरक, जवळपास पाच टक्के. लांबी थोडी बदलली की हा फरक एकदम दोन टक्क्यांवर येतो किंवा दहावर जातो. म्हणून बारमधून कापायच्या प्रत्येक भागाला ‘एका बारमध्ये किती नग’ हाच आकडा लिहून ठेवा. टर्निंग आणि की-वेचे 140 धरून शाफ्ट 544 रुपयांना पडला.

रोलरची गोष्ट वेगळी आहे. कास्टिंग 14 किलोचं, किलोला 90 रुपये, म्हणजे 1,260. टर्निंगची मजुरी 190. कास्टिंग बाहेरून चांगलं दिसतं, पण लेथवर एक-दोन कट घेतले की आतली ब्लोहोल उघडी पडतात. समजा 100 लावले तर 4 असे निघतात. बहुतेक जण इथे 1,450 घेतात आणि 4 टक्के चढवतात.

यात दोन चुका आहेत, एक लहान आणि एक मोठी. लहान चूक गुणाकाराची. 100 लावून 96 चांगले मिळत असतील, तर चांगल्या नगाचा खर्च 1,450 भागिले 0.96, म्हणजे 1,510 होतो. गुणिले 1.04 केलं तर 1,508. फरक दोन रुपयांचाच, पण 20 टक्के घटीच्या भागाला तो लपत नाही. 100 चांगले हवेत म्हणून 120 लावले तर 96 च हाती येतात, 125 लावावे लागतात. टक्केवारी देणाऱ्याला विचारा की ती लावलेल्या नगांवर काढली की चांगल्या नगांवर. लावलेल्यांवर असेल तर भागाकार, चांगल्यांवर असेल तर गुणाकार. बाजारातली सॉफ्टवेअर दोन्ही तऱ्हेची आहेत. 100 नग आणि 20 टक्के घालून बघा, उत्तर 125 आलं की 120, त्यावरून तुमचं कळेल.

मोठी चूक आहे ती टक्केवारी कशाला लावायची, यात. ब्लोहोल निघालेलं कास्टिंग फाउंड्री बदलून देत असेल, तर 1,260 रुपये बुडतच नाहीत. बुडते फक्त मजुरी. मग रोलर पडतो 1,260 अधिक 190 भागिले 0.96, म्हणजे 1,458 रुपयांना. बदलून देत नसेल तर 1,510. गुणाकार-भागाकाराच्या वादात दोन रुपये होते, इथे नगाला 52 आहेत. आणि ‘बदलून देतात’ हे तोंडी असून चालत नाही. खराब कास्टिंग शेडच्या कोपऱ्यात साठत असेल आणि डेबिट नोट निघत नसेल, तर तुमचा खरा दर 1,510 कडेच झुकलेला आहे. त्यातून खराब कास्टिंग भंगारात विकून जे मिळतं तेवढंच वजा होईल.

म्हणून माझा आग्रह असा की मजुरीलाही यादीत स्वतंत्र ओळ द्या, आणि घटीची टक्केवारी भागाला न लावता ओळीला लावा.

वरच्या पातळीवर याचा उपयोग लगेच दिसतो. शाफ्टवर रोलर प्रेसवर बसवताना 100 पैकी 2 रोलर तडकतात. हा दोष फाउंड्रीचा नाही, त्यामुळे कास्टिंगही गेलं आणि टर्निंगही. शाफ्ट मात्र काढून परत वापरता येतो. मग 2 टक्के रोलरच्या आणि प्रेसच्या मजुरीच्या ओळीवर बसतील, शाफ्टच्या ओळीवर शून्य. रोलर 1,458 भागिले 0.98, म्हणजे 1,488. शाफ्ट 544. चावी 18. प्रेसची मजुरी 60 भागिले 0.98, म्हणजे 61. दोन ब्लॉक, प्रत्येकी 130 आणि बोल्टांचे 18, असे 296. रोलर असेंब्ली 2,407 रुपयांना पडली. खालच्या पातळीवरची घट 1,458 च्या आत आधीच आली आहे, त्यावर वरची घट आपोआप बसते. चार आणि दोन मिळून सहा अशी बेरीज कुठेही करायची नाही.

तीन असेंब्ली 7,221. गिअरचा संच 2,700, मोटर 6,500, जोडणीची मजुरी 900, आणि फ्रेम रंगासह 4,600, जिची कटाई शाफ्टसारखीच खाली मोजून आली आहे. मशीन 21,921 रुपये.

आता त्या सरसकट पाच टक्क्यांकडे वळा. घट अजिबात धरली नसती तर तीन रोलर असेंब्ली 7,048 ला पडल्या असत्या. म्हणजे त्यातली खरी घट मशीनमागे सुमारे 173 रुपये. आणि पाच टक्क्यांनी एकट्या मोटरवर 325 रुपये चढवले, जी खोक्यातून काढून चार बोल्टांवर बसवायची असते. अशा कोटेशननं ऑर्डर जाते, आणि कारण कळत नाही.

एक्सेलमध्ये हे बसवताना एक अडचण हमखास येते. भागांच्या शीटमध्ये `SUMIF` नं ओळींची बेरीज आणि ओळींच्या शीटमध्ये भागांचे दर, असं दोन्हीकडून जोडलं की एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं. तुमच्या उतरंडीत खरंच चक्र असेलच असं नाही. `SUMIF` पूर्ण रकान्यावर अवलंबून असतं, म्हणून एक्सेलला तिथे चक्र दिसतं. ‘इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ चालू करून ती तक्रार दाबू नका, नाहीतर खरं चक्र असलं तरी ते दिसायचं नाही. त्यापेक्षा पातळीवार चढा. `RATES` शीटमध्ये आधी फक्त खरेदीचे दर आणि मजुरीचे दर ठेवा. सगळ्यात खालच्या पातळीच्या ओळी त्यावरून काढा, तयार झालेले भागांचे खर्च `RATES` मध्ये नुसती व्हॅल्यू म्हणून चिकटवा, मग वरची पातळी. ओळीचं सूत्र एवढंच, `B` मध्ये भाग, `D` मध्ये संख्या, `E` मध्ये घट:

```
=D2/(1-E2)*VLOOKUP(B2,RATES!A:B,2,FALSE)
```

घटीचा रकाना टक्के फॉरमॅटचा ठेवा. साध्या रकान्यात कुणी 2 टाकलं तर खर्च उणे येतो आणि लगेच दिसतो, पण 0.02 ऐवजी 0.2 पडलं तर खर्च चुपचाप वाढतो.

एकच भाग दोन पातळ्यांवर असला, जसा हाच एम-12 बोल्ट ब्लॉकमध्येही आहे आणि थेट फ्रेमवरही, तर त्याची पातळी सगळ्यात खालची धरायची. खरेदीच्या बोल्टाला यानं फरक पडत नाही. स्वतः बनवत असलेल्या भागाला पडतो, कारण त्याचा खर्च तयार व्हायच्या आत वरची ओळ त्याला शोधायला गेली तर जुना दर उचलते.

शेवटी टक्केवारी खरी की खोटी, हे स्टोअरचं रजिस्टर सांगतं. महिन्यात 40 मशीन गेली तर 120 रोलर. प्रेसची घट धरून 122 ते 123 चांगले रोलर, आणि ब्लोहोल धरून 128 कास्टिंग लागायला हवीत. रजिस्टरवर 137 निघाली असतील तर 4 टक्क्यांचे घाईनं 10 करू नका. आधी फाउंड्रीला परत गेलेले नग डेबिट नोटांवरून मोजा, ते पाचच्या आसपास हवेत. मग प्रेसजवळचे तडकलेले मोजा, ते दोन-तीन हवेत. तडकलेलेच अकरा-बारा निघाले तर चूक कास्टिंगच्या ओळीत नसून प्रेसच्या ओळीत आहे, आणि तिथे रोलरच्या बोअरचं फिटिंग तपासायला हवं.