सायक्लोहेक्झेन आणि टोल्युईन: फारकत किती चोख झाली?

आज मी एकाच मिश्रणाच्या ऊर्ध्वपातनाविषयी बोलणार आहे. ३० मिलिलिटर सायक्लोहेक्झेन आणि ३० मिलिलिटर टोल्युईन एकत्र केले, तर घनता आणि रेणुभार यांचा हिशोब असा जुळतो की दोहोंचे रेणू जवळजवळ समसमान भरतात. समुद्रसपाटीच्या दाबाला सायक्लोहेक्झेन ८०.७ अंश सेल्सिअसला आणि टोल्युईन ११०.६ अंशांना उकळते. मात्र आमचा प्रयोग पुण्यात झाला, जिथे हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर असतो. त्यामुळे दोन्ही उत्कलनबिंदू साधारण दोन अंशांनी खाली येतात. पुस्तकातला आकडा गाठण्याची वाट पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्याचा जमणाऱ्या द्रवाचा पहिला अंश हातचा जातो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी.

प्रथम स्तंभ न लावता साधे ऊर्ध्वपातन केले. पहिला थेंब ९० अंशांच्या आसपास पडला. १५ मिलिलिटर जमेपर्यंत पारा ९२ वर, ३० ला ९५ वर आणि ४५ ला १०० वर गेला. या चढणीत तापमान कुठेही स्थिरावले नाही. उकळत्या द्रवात सायक्लोहेक्झेन ५० टक्के असताना त्याच्या बाष्पात ते सुमारे ७१ टक्के असते, आणि तेवढ्या एकाच पायरीवर आपण थांबलो, तर याहून वेगळे काही पदरी पडणार नाही. ते बाष्प निववून पुन्हा उकळले, तर ८५ टक्के, पुढे ९३, मग ९७. ही पुन्हापुन्हा होणारी उकळ आणि निवळ एकाच नळीत घडवून आणणे, एवढेच स्तंभाचे काम आहे.

आमच्या स्तंभात भरण म्हणून भांडी घासायची स्टीलची घासणी सैल करून भरली होती. ती घट्ट दाबली, तर खाली परतणारा द्रव मध्येच अडतो आणि वर चढणाऱ्या बाष्पाबरोबर उसळून थेट कंडेन्सरच्या तोंडाशी फेसाळतो. स्तंभाला बाहेरून काचलोकर आणि वर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला. तापमापीचा फुगा कंडेन्सरकडे जाणाऱ्या फाट्याच्या किंचित खाली हवा. तो वर राहिला, तर बाष्प त्याला पूर्ण वेढत नाही आणि वाचन खोटे, कमी येते. दोन्ही द्रव ज्वालाग्राही असल्याने बर्नरऐवजी विजेचा हीटिंग मँटल वापरला.

थेंब दर दोन सेकंदांना एक, या गतीने घेतले. पारा ७८.५ अंशांवर आला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळला. २५ मिलिलिटर जमले, तेव्हा तो ८२ वर होता. त्यानंतर थेंब थांबले आणि तापमान चक्क चार-पाच अंशांनी उतरले. पाहणारा इथे घाबरतो, पण हे शुभलक्षण आहे: सायक्लोहेक्झेन जवळजवळ संपलेले असते आणि टोल्युईनचे बाष्प दिलेल्या उष्णतेत अजून फुग्यापर्यंत पोहोचत नाही. मँटलची उष्णता वाढवताच पारा झपाट्याने चढला, अवघ्या सहा मिलिलिटरमध्ये १०५ ओलांडून गेला आणि १०८ च्या जरा वर स्थिरावला. शेवटच्या अंशात २० मिलिलिटर आले. उरलेले नऊएक मिलिलिटर पात्रात आणि घासणीला चिकटून राहिले. भरण जितके जास्त, तितका हा तोटा जास्त.

फारकत किती चोख झाली, हे मी मधल्या अंशाच्या आकारमानावरून ठरवतो. ८२ ते १०५ अंशांदरम्यान साध्या ऊर्ध्वपातनात पन्नासहून अधिक मिलिलिटर जमले होते, स्तंभाने ते सहावर आणले. तरीही केवळ तापमापीवर भिस्त ठेवू नये. पहिल्या अंशाचा अपवर्तनांक २८ अंशांना १.४२४८ आला. शुद्ध सायक्लोहेक्झेनचा २० अंशांचा आकडा १.४२६२ आणि टोल्युईनचा १.४९६९ आहे, म्हणजे आमचा नमुना शुद्धाहूनही शुद्ध ठरत होता! तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०००५५ मिळवल्यावर तो १.४२९२ झाला, आणि या दोन टोकांमधल्या प्रमाणावरून त्यात चार टक्क्यांच्या आसपास टोल्युईन असल्याचे दिसले. ही दुरुस्ती मोजायच्या फरकाहूनच मोठी आहे, हे ध्यानात घ्यावे.

पुढे याच स्तंभावर थेंबांची गती तिपटीने वाढवून पाहिली. खाली परतणारा द्रव बाष्पाच्या मानाने कमी पडला, पारा ७८.५ वर क्षणभरच टेकला आणि मधला अंश सहावरून १७ मिलिलिटरवर गेला. घासणी तीच होती, फक्त तिच्यावर बाष्प आणि द्रव यांची गाठ पडायला पुरेसा वेळ मिळाला नाही.