पदराच्या गाठीतला कागद

नमस्कार मंडळी. आज सर्दी झाल्यावर लहान मुलांचे कान का दुखतात ते सांगणार आहे. खरं तर मला तुम्हाला एका आजींची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी कानातली एक नळी समजून घ्यावी लागेल. ती समजली की आजींची गोष्ट आपोआप कळेल.

वाईहून एसटीने पाचगणीला जाताना पसरणी घाटात तुमच्या कानाला दडे बसले असतील. आपण घोट गिळतो, कानात टक् होतं आणि दडा सुटतो. कानाच्या पडद्याच्या आत हवेने भरलेली एक छोटी खोली असते. त्या खोलीतून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळलं की क्षणभर उघडते आणि हवा आत जाते. टक् होतं ते त्याचंच.

मोठ्या माणसात ही नळी उतरती असते, कानाकडून नाकाकडे. आत काही साचलं तर निथळून जातं. दीड-दोन वर्षांच्या मुलात ती जवळपास निम्म्या लांबीची असते आणि आडवी असते. पुन्हा सांगते, लांबीला निम्मी आणि आडवी. शिवाय लिबलिबीत, त्यामुळे चटकन मिटणारी.

मुलाला सर्दी झाली की नाकाच्या मागचा भाग सुजतो आणि नळीचं तोंड बंद होतं. खोलीत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि भोवतालच्या अस्तरातून पाणी पाझरू लागतं. नाकाच्या मागे जंतू नेहमीच वस्तीला असतात, एरवी ते काही करत नाहीत. ते आडव्या नळीतून आत शिरतात, त्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि पडदा बाहेर फुगतो. ठणका लागतो तो तेव्हा. म्हणून कान सर्दीच्या पहिल्या दिवशी सहसा दुखत नाही, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी दुखतो. आणि बहुतेक वेळा रात्री, कारण आडवं झालं की दाब वाढतो.

म्हणजे यात दोष अंघोळीच्या पाण्याचा नाही आणि वाऱ्याचाही नाही. पडदा धड असेल तर बाहेरचं पाणी आत जाऊच शकत नाही. कानटोपी थंडीसाठी जरूर घाला, कानाच्या ठणक्याशी तिचा संबंध नाही.

आता आजी. तेव्हा माझा दवाखाना वाईतच होता. जानेवारीची रात्र, साडेदहा वाजलेले. बाहेर टेम्पो थांबला. आजींचा मुलगा टेम्पो चालवायचा, शेजारी आजी बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर नात. वय दोन वर्षं पाच महिने, वजन बारा किलो. चार दिवस नाक वाहत होतं, त्या संध्याकाळपासून उजवा कान धरून आकांत. मुलाच्या हातात बाटली होती. मागच्या वेळच्या औषधाची, प्रतिजैविकाची, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो त्याची. अर्धी उरलेली, फ्रीजमधून काढलेली. तो म्हणाला, "हेच चालू करू का, तेवढंच विचारायला आलो." आजीच्या दुसऱ्या हातात वाटी होती. वाटीत लसूण टाकून कोमट केलेलं तेल.

दोन्ही बाजूला ठेवायला लावलं. बाटली अशासाठी की पाणी घालून कालवलेलं ते औषध साधारण आठवडाभरच टिकतं, ती तर दिवाळीतली होती. तेल अशासाठी की पडद्याला भोक पडलं असेल तर तेल थेट आत जातं, आणि नसेल तर त्या खोलीपर्यंत ते पोचतच नाही.

ताप शंभर पॉइंट आठ. कान बघितले. डावा ठीक, उजव्याचा पडदा फुगलेला आणि मागे पिवळसर. इथे एक सांगून ठेवते, नुसता लाल पडदा म्हणजे कानाचा संसर्ग नव्हे. मूल जोरजोरात रडलं की पडदा लाल होतोच. फुगलेला पडदा बघायचा. हिचा फुगलेला होता, म्हणजे संसर्ग खराच होता.

मी पॅरासिटामॉल दिलं. वजनाच्या दर किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशेबानं बारा किलोला एकशे ऐंशी. माझ्याकडच्या बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये एकशे वीस लिहिलं होतं, म्हणून साडेसात मिलिलिटर. कागद-पेन्सिल जवळ असेल तर हे लिहून घ्या, कारण बाजारात पाच मिलिलिटरमध्ये अडीचशेचीही बाटली मिळते आणि तिच्यातून साडेतीनच मिलिलिटर द्यायचं. बाटलीवरचा आकडा वाचा. पुन्हा सांगते, आकडा वाचा. आणि मोजायला झाकणावरची वाटी किंवा सिरिंज घ्या, चहाचा चमचा नको. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. माझ्या सासरी तर आमटीच्या डावाला चमचा म्हणायचे.

पाऊण तासात पोरगी माझ्या स्टेथोस्कोपचं टोक चोखत बसली. मग मी एका कागदावर अँटिबायोटिक लिहिलं, घडी घातली, स्टेपल मारलं आणि म्हटलं, "हा कागद दोन दिवस उघडायचा नाही. सहा-सहा तासांनी हे दुखण्याचं औषध द्या. अठ्ठेचाळीस तासांनंतरही दुखणं किंवा ताप राहिला तर कागद उघडा आणि औषध आणा. कानातून पू आला, ताप एकशे दोनच्या वर गेला, ती मलूल झाली किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर वाट बघायची नाही. तिला घेऊन लगेच इकडे यायचं."

आजी भडकल्या. "आवं बाई, पोरगी सांजच्यापासनं वरडतिया, अन् तुमी कागूद देताय? त्यो बी शिवलेला?"

त्यांचा राग मला पटत होता. सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही दुखऱ्या कानाला सरसकट अँटिबायोटिक लिहीत असे. मुलं बरी होत, मला वाटे औषधानं झाली. पण औषध न देता मुलांकडे लक्ष ठेवलं तर पाचातली चार मुलं तीन दिवसांत ठणक्यातून सुटतात, शरीरच जंतू आवरतं. सगळ्या अभ्यासांची बेरीज करून निघालेलं उत्तर असं आहे: वीस मुलांना अँटिबायोटिक द्यावं तेव्हा त्यातल्या एकाचा ठणका वाचतो, आणि दर चौदा मुलांमागे एकाला उलट्या, जुलाब किंवा अंगावर पुरळ येतं. पहिल्या रात्रीचा ठणका तर अँटिबायोटिकनं थांबतच नाही. तो पॅरासिटामॉलनं थांबतो. हॉलंडचे डॉक्टर कित्येक दशकं असंच थांबत आले आहेत, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2004 साली थांबून बघण्याला मान्यता दिली.

यातलं काही मी त्या रात्री आजींना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "कागद तुमच्याजवळ ठेवा. उघडायचा की नाही ते तुम्हीच ठरवा." आजींनी माझ्याकडे बघितलं, कागद घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून आत बांधला.

तिसऱ्या दिवशी आल्या. पोरगी अंगणात टेम्पोच्या चाकाला लाथा मारत होती. आजींनी गाठ सोडली, कागद टेबलावर ठेवला. स्टेपल जागच्या जागी. म्हणाल्या, "दोन रातीत धा येळा हात गेला गाठीवर."

तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. नातीला हाक ऐकू येत नाही, टीव्हीला चिकटून बसते. पडद्यामागे पाणी होतं, पण फुगवटा नाही, ठणका नाही, ताप नाही. यालाही अँटिबायोटिक लागत नाही, कारण त्यानं फारसा फरक पडत नाही. संसर्ग गेल्यावर आतलं पाणी ओसरायला वेळ लागतो, बहुतेकांचं तीन महिन्यांच्या आत जातं. तीन महिन्यांनीही राहिलं तर ऐकण्याची तपासणी करायची. हिचं सातव्या आठवड्यात गेलं.

आणि मग त्याच वर्षी पावसाळ्यात आजी पुन्हा आल्या, धाकटा नातू घेऊन. चार महिन्यांचा. सर्दी, ताप, दूध पिता पिता तोंड सोडून रडतो. त्याचा कान बघितला, पडदा फुगलेला. आजींनी काही न बोलता हात पुढे केला. "द्या कागूद."

मी म्हटलं, "याला कागद नाही. याला आजपासूनच औषध."

"तवा नगं म्हनलात, अन् आता?"

मग मी त्यांना हिशेब सांगितला, तोच तुम्हालाही सांगते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबायचं नाही. दोन वर्षांच्या आतलं असून दोन्ही कानांत संसर्ग असेल तरी थांबायचं नाही. कानातून पू येत असेल, ठणका जबर असेल किंवा ताप एकशे दोनच्या वर असेल, तर कोणत्याही वयात थांबायचं नाही. मोठं मूल, ठणका-ताप बेताचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा डॉक्टरकडे येणं शक्य असेल, तिथेच कागद चालतो.

शिवाय विचारलं, बाटलीनं दूध देता का? देत होत्या, तेही सपाट झोपवून. मग डोकं उंच धरून पाजायला सांगितलं. घरात बिडी कोण ओढतं? मुलानं खाली बघितलं. विडीचा धूर नाकामागची सूज वाढवतो, तेव्हा ती अंगणातसुद्धा नको, कारण धूर कपड्यांतून घरात येतोच.

बाळाची बाटली मी तिथेच पाणी घालून कालवून दिली आणि किती दिवस द्यायची ते बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं. आजींनी ती उजेडाकडे धरून बघितली.

"उरलं तर?"

"ओतून टाकायचं."

"अन् फिरीजमधी ती दिवाळीची हाय ती?"

"ती अजून आहे?" मी विचारलं.

आजींनी मुलाकडे बघितलं. तो टेम्पो चालू करायला बाहेर निघून गेला होता.